दहा टाकले, कापले चाळीस: ही स्लिप ओळीओळीने कशी वाचायची?

कोराकागद

पैजेतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच कबूल करतो. फुटबॉलच्या तीन सामन्यांवर एक स्लिप लावली. रकान्यात 10 टाकले आणि खात्यातून 40 गेले. सामने अजून व्हायचेत. स्लिप जशी दिसते तशी खाली उतरवली आहे. संघांची नावं आणि चलनाचं चिन्ह काढलंय, त्याने हिशेबात फरक पडत नाही.

```
TRIXIE                          4 Bets
1) Team A v Team B
   Match Result: Team A           1.80
2) Team C v Team D
   Total Goals: Over 2.5          2.10
3) Team E v Team F
   Draw No Bet: Team F            1.50

Stake per bet                    10.00
Total stake                      40.00
Potential returns               153.00
```

मी कॅल्क्युलेटरवर 1.80 × 2.10 × 1.50 केलं, 5.67 आले. दहाने गुणलं तर 56.70, चाळीसने गुणलं तर 226.80. मग 153 कुठून आले? आणि तिन्ही जिंकले तर 153 मिळतात की 153 अधिक माझे 40?

---

उंटावरचा

गुणाकार बरोबर केलाय तुम्ही, भाव एकमेकांना गुणायचेच असतात. 153 हा नफा असतो, लावलेले पैसे त्यावर वेगळे परत मिळतात. म्हणजे हातात 193 येतील. 56.70 च्या वरचा जो फरक दिसतोय तो बोनस असणार, तीन-चार निवडी एकत्र केल्या की बऱ्याच साइट बोनस देतात.

---

दशांश

उंटावरचा, भाव गुणायचे हे खरं, पण पुढच्या दोन्ही गोष्टी चुकल्यात. इथे बोनस नाही आणि 193 मिळणार नाहीत. स्लिप वरून खाली वाचत जाऊ, म्हणजे 153 आपोआप निघेल.

सगळ्यात वरची ओळ लोक वाचतच नाहीत आणि घोळ तिथेच होतो. तिथे ट्रिक्सी लिहिलंय आणि शेजारी 4 बेट्स. तुम्हाला वाटतंय की तीन सामन्यांची एक पैज लावली. प्रत्यक्षात तुम्ही चार वेगवेगळ्या पैजा लावल्यात. पहिली आणि दुसरी निवड मिळून एक डबल, पहिली आणि तिसरी मिळून दुसरा डबल, दुसरी आणि तिसरी मिळून तिसरा डबल, आणि तिन्ही मिळून एक ट्रेबल. तीन डबल आणि एक ट्रेबल या गठ्ठ्याला ट्रिक्सी म्हणतात. तुम्ही जो 5.67 काढलात तो या चारांपैकी फक्त ट्रेबलचा भाव आहे.

स्लिप भरताना तीन निवडी टाकल्या की खाली रकान्यांची रांग येते. डबलपुढे 3, ट्रेबलपुढे 1, ट्रिक्सीपुढे 4 असा छोटा आकडा असतो. त्या रकान्यात टाकलेली रक्कम त्या आकड्याने गुणली जाते. तुम्ही दहा ट्रिक्सीच्या रकान्यात टाकले, म्हणून 10 × 4 = 40. ट्रेबलच्या रकान्यात टाकले असते तर दहाच गेले असते. म्हणून स्लिपवर स्टेकच्या दोन ओळी असतात. ‘पर बेट’ म्हणजे एका पैजेमागे आणि ‘टोटल’ म्हणजे खिशातून गेलेले. बटण दाबण्याआधी नजर टोटलवर हवी.

आता मधल्या तीन ओळी. प्रत्येक निवडीत सामन्याचं नाव, कशावर पैज आहे ते आणि भाव, असे तीन तुकडे असतात. मधला तुकडा नीट वाचा.

पहिल्या ओळीत ‘मॅच रिझल्ट’ आहे, म्हणजे पहिला संघ जिंकायलाच हवा. बरोबरी झाली की निवड हरली. हा निकाल साधारणपणे 90 मिनिटं आणि भरपाईचा वेळ एवढ्यावर धरतात. बाद फेरीतला सामना जादा वेळेत जिंकला तर पैजेच्या दृष्टीने तो बरोबरीत सुटलेला असतो.

दुसऱ्या ओळीत 2.5 पाहून लोक विचारतात की अर्धा गोल कुठे असतो. अर्धा ठेवतात तो काठावर बरोबरी होऊ नये म्हणून. दोन्ही संघांचे मिळून तीन किंवा जास्त गोल झाले की जिंकलात, दोन किंवा कमी झाले की हरलात.

तिसरी ओळ ‘ड्रॉ नो बेट’. तुमचा संघ जिंकला तर भाव 1.50, हरला तर निवड हरली, आणि बरोबरी झाली तर ही निवड रद्द. रद्द म्हणजे हरली नव्हे. ते नंतर सांगतो.

भाव दशांशात आहेत, आणि दशांश भावात तुमचा स्वतःचा पैसा धरलेला असतो. 1.80 वर दहा लावले तर 18 येतात, त्यातले 10 तुमचेच आणि 8 नफा. म्हणून रिटर्न या शब्दाचा अर्थ ‘हातात येणारी पूर्ण रक्कम’ असाच घ्या. आता चारही पैजा दहा-दहाने गुणा.

```
1+2     1.80 x 2.10          = 3.78  ->  37.80
1+3     1.80 x 1.50          = 2.70  ->  27.00
2+3     2.10 x 1.50          = 3.15  ->  31.50
1+2+3   1.80 x 2.10 x 1.50   = 5.67  ->  56.70
                                        ------
                                        153.00
```

मिळाले 153. त्यातून लावलेले 40 वजा करा, निव्वळ नफा 113. तिन्ही निवडी लागल्या तर, आणि तरच.

---

उंटावरचा

मग आम्ही इतकी वर्षं जे शिकलो ते चूक का? 4/5 भाव म्हणजे पाच लावा, चार नफा, आणि पाच परत. लावलेले पैसे वेगळेच मिळतात की.

---

दशांश

चूक नाही, ती लिहिण्याची दुसरी पद्धत आहे. अपूर्णांकात फक्त नफा लिहितात आणि दशांशात मुद्दल मिळवून लिहितात. 4/5 म्हणजे 0.80, त्यात 1 मिळवा की 1.80. तसंच 11/10 चे 2.10 आणि 1/2 चे 1.50. कोराकागद यांचे तिन्ही भाव या पद्धतीने लिहिले तरी उत्तर तेच येतं. फक्त अपूर्णांक थेट एकमेकांना गुणायचे नाहीत, आधी एक मिळवायचा. तो न मिळवता 0.80 × 1.10 × 0.50 केलंत तर 0.44 येईल आणि वाटेल की तीन सामने जिंकून आपण बुडालो.

---

तिसरानंबर

माझंही अगदी असंच झालंय! मी दहा लावले आणि वीस कापले. घोडा एकच, शर्यत एकच, भाव 9.00. म्हणजे माझीही अर्धी ट्रिक्सी झाली का? स्लिपवर E/W असं काहीतरी आहे, आणि खाली 1/5 odds, 3 places.

---

दशांश

नाही हो, ट्रिक्सीला तीन निवडी लागतात. तुमच्या पैजेला ईच वे म्हणतात, तिथेही एका रकान्यामागे दोन पैजा दडलेल्या असतात. दहा घोडा पहिला येण्यावर, दहा तो पहिल्या तिघांत येण्यावर. म्हणून वीस.

पहिला आला तर पहिल्या भागाचे 10 × 9.00 = 90. पहिल्या तिघांतल्या भागाला नफ्याचा पाचवा हिस्सा मिळतो. इथे लोक 9.00 ला पाचने भागतात आणि 1.80 काढतात, ते चुकीचं. आधी मुद्दल बाजूला काढा. 9 मधून 1 गेला, उरले 8, त्याचा पाचवा भाग 1.6, त्यात एक परत मिळवा, 2.60. म्हणजे 26. पहिला आला तर दोन्ही भाग लागतात, 116. दुसरा किंवा तिसरा आला तर फक्त 26, पहिल्या भागाचे दहा गेले. वीस लावून 26, नफा 6.

---

तिसरानंबर

म्हणजे स्लिपवर 116 दिसतंय ते घोडा पहिला आला तरच. आणि मी समजत होतो तिसरा आला तरी 116. धन्यवाद, शर्यत व्हायच्या आत कळलं.

---

लिंबूटिंबू

मूळ स्लिपकडे वळू. ट्रिक्सीचा फायदा असा ऐकलाय की तीनपैकी दोन लागले तरी पैसे येतात. मग दोन लागले तर नफा किती?

---

दशांश

पैसे येतात, नफा येईलच असं नाही. वरची यादी परत बघा. पहिली आणि दुसरी लागली, तिसरी हरली, तर चारांपैकी फक्त पहिला डबल जिवंत राहतो. 37.80 हातात आले, लावले होते 40. म्हणजे 2.20 चा तोटा. पहिली आणि तिसरी लागली तर 27, तोटा 13. दुसरी आणि तिसरी लागली तर 31.50, तोटा साडेआठ. या स्लिपवर तीनपैकी कुठलेही दोन अंदाज बरोबर आले तरी तुम्ही तोट्यातच आहात. एकच लागला तर शून्य, कारण ट्रिक्सीत सुट्या निवडीवर पैज नसते.

त्रास असा की दोन लागले की पडद्यावर हिरव्या पट्टीत ‘जिंकलात, 37.80’ असं झळकतं. टोटल स्टेकची ओळ शेजारी ठेवून बघितल्याशिवाय तोटा दिसत नाही.

स्वतःची स्लिप तपासायची सोपी खूण सांगतो. ट्रिक्सीत दोन निवडी लागून पैसे वसूल व्हायचे तर त्या दोघांच्या भावांचा गुणाकार निदान 4 हवा. ढोबळमानाने प्रत्येकी 2.00 किंवा त्यावर. इथे 1.50 आणि 1.80 असे लहान भाव आहेत, म्हणून जमत नाही.

---

कोराकागद

हे वाचून पोटात गोळा आला. मी तर दोन लागतील या भरवशावर होतो. 153 चा आकडा एवढा ठळक आहे की बाकी काही दिसलंच नाही.

---

उंटावरचा

म्हणूनच म्हणतो, ट्रिक्सीच्या फंदात पडूच नये. तेच चाळीस सरळ ट्रेबलवर लावले असते तर 226.80. त्यातच शहाणपण आहे.

---

चिमटा

शहाणपण कसलं त्यात? ट्रेबलमध्ये एक निवड गेली की चाळीसही गेले. ट्रिक्सीत दोन लागले तर निदान 27 ते 38 हातात येतात.

आणि 5.67 या आकड्याकडे जरा उलट बाजूनेही बघा. एकाला 5.67 ने भागलं की 17.6 टक्के येतात. भावात बुकीची कमाई मुरलेली असते, त्यामुळे तिन्ही लागण्याची खरी शक्यता सहसा याहूनही कमी असते. आणि ती कमाई प्रत्येक निवडीबरोबर गुणली जाते. समजा प्रत्येक भावात पाच टक्के मुरलेत, तर तीन निवडींत 1.05 × 1.05 × 1.05, म्हणजे जवळपास 15.8 टक्के. डबल असो वा ट्रेबल, निवडी जोडत गेलं की हा भुर्दंड वाढतो. एकेकट्या पैजेत तो सगळ्यात कमी असतो, पण तिथे 153 सारखा आकडा दिसत नाही ना.

---

उंटावरचा

एकेकटी लावून मजा काय. असो, आपलं पटणार नाही.

---

लिंबूटिंबू

दशांश, ते रद्द होण्याचं राहिलं. तिसरा सामना बरोबरीत सुटला तर?

---

दशांश

हो. रद्द झालेल्या निवडीच्या जागी 1.00 मांडायचा आणि पुन्हा गुणायचं, एवढाच नियम. पहिल्या दोन निवडी लागल्या आणि तिसरा सामना बरोबरीत सुटला असं धरू. एक-दोनचा डबल तसाच राहतो, 37.80. एक-तीनच्या डबलमध्ये उरतो फक्त 1.80, म्हणजे 18. दोन-तीनच्या डबलमध्ये उरतो 2.10, म्हणजे 21. ट्रेबलमध्येही 1.80 × 2.10 × 1.00, पुन्हा 37.80. बेरीज 114.60.

तिसरा संघ हरला असता तर 37.80 आणि बरोबरी झाली तर 114.60, एवढा फरक. ‘ड्रॉ नो बेट’ला भाव कमी देतात तो यासाठी. आणि स्लिपवर 153 दिसत होते, आले 114.60, म्हणून साइटने पैसे खाल्ले अशी तक्रार जी होते, तिचं उत्तर बहुतेक वेळा एखादी रद्द निवड असते. स्लिपच्या त्या ओळीपुढे तेव्हा ‘व्हॉइड’ लिहिलेलं असतं.

---

रकाना

माझी स्लिप याहून साधी आहे, तरी हिशेब जुळत नाही. डबल आहे, भाव 1.62 आणि 2.38, लावले दहा. गुणाकार 38.56 येतो आणि स्लिप म्हणते 38.37. रद्द काही नाही. हे एकोणीस कुठे गेले?

---

दशांश

कुठे गेले नाहीत, ते कधी नव्हतेच. मांडणी बदलून भाव अपूर्णांकात बघा, 8/13 आणि 11/8 दिसण्याची बरीच शक्यता आहे. 8/13 अधिक एक म्हणजे 1.61538 आणि पुढे चालूच. पडद्यावर दोनच घरं मावतात, म्हणून 1.62. आणि 11/8 म्हणजे 2.375, तो वर जाऊन 2.38 झाला. आतला हिशेब मूळ आकड्यांवर चालतो. 1.61538 × 2.375 केलंत की 3.8365, म्हणजे 38.37.

निवडी वाढल्या की हा फरकही वाढतो. एक-दोन टक्क्यांपर्यंतचा फरक दिसला तर आधी ही शंका घ्या. त्याहून मोठा असेल तर पैजेचा प्रकार वेगळा आहे किंवा भाव बदललाय.

---

रकाना

बदलून पाहिलं. 8/13 आणि 11/8 च आहेत! भाव बदलण्याचं काय म्हणालात?

---

दशांश

स्लिप भरताना दिसतात ते भाव पक्के नसतात. बटण दाबेपर्यंत ते हलू शकतात. हलले तर साइट थांबून विचारते, पण ‘कुठलाही बदल मान्य’ असा पर्याय सेटिंगमध्ये चालू असेल तर न विचारता नव्या भावाने पैज लागते. म्हणून भरलेली स्लिप आणि पैज लागल्यानंतरची पावती या दोन गोष्टी वेगळ्या समजा. पावतीवर पैजेचा क्रमांक आणि वेळ असते, आणि हिशेब पावतीवरच्या भावाने होतो. तुलना करायची तर पावतीशी करा. पडद्याचं चित्र घेऊन ठेवायचं तर तेही पावतीचंच.

---

चिमटा

एक पुस्ती. पैज ‘फ्री बेट’ची असेल तर रिटर्नमध्ये मुद्दल बहुधा धरत नाहीत. 5.67 च्या ट्रेबलवर फुकटचे दहा लावले तर 56.70 नाही, 46.70 दिसतील. स्लिपवर हे कुठेतरी बारीक अक्षरात असतं, नसलं तर आकड्यावरून ओळखायचं.

---

लिंबूटिंबू

आणि एकाच सामन्यातल्या दोन निवडी असतील तर? अमुक संघ जिंकणार आणि त्याच सामन्यात तीन गोल होणार, असं जोडलं तर एकत्रित भाव गुणाकारापेक्षा कमीच येतो. हे कशाने?

---

दशांश

कारण त्या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात. तगडा संघ जिंकतो तेव्हा गोलही जास्त होतात. सरळ गुणला तर भाव वाजवीपेक्षा मोठा होईल, म्हणून नेहमीच्या डबलमध्ये अशा निवडी जोडू देत नाहीत. ‘बेट बिल्डर’मध्ये जोडता येतात, तिथे बुकी स्वतःच्या गणिताने एकच भाव देतो. तो भाव स्लिपवरच्या आकड्यांवरून तुम्हाला परत काढता येणार नाही. तिथे तुमच्या हातात उरतं ते दिलेला एकच भाव गुणिले स्टेक, आणि तेवढं तपासून बघणं.

---

उंटावरचा

मला तर ते नेहमी कमीच वाटतं.

---

चिमटा

नेहमी नाही. एकमेकांच्या विरुद्ध जाणाऱ्या निवडी असतील तर गुणाकारापेक्षा जास्तही मिळतं. संघ जिंकणार आणि सामन्यात दोनपेक्षा जास्त गोल होणार नाहीत, असं काहीतरी जोडून बघा. अर्थात त्यातही बुकीने किती चिमटा काढलाय हे बाहेरून कळत नाही.

---

कोराकागद

माझ्या पावतीखाली आता ‘कॅश आउट 36.10’ असं बटण आलंय. सामने सुरूही झाले नाहीत, मग चाळीसचे 36.10 का?

---

दशांश

ती पैज आत्ता मोडली तर मिळणारी रक्कम आहे, 153 शी तिचा थेट संबंध नाही. ती दर थोड्या वेळाने बदलते. चाळीसपेक्षा कमी आहे कारण मोडण्याच्या भावातही बुकी आपला वाटा ठेवतो, आणि तुमच्या निवडींचे भाव हलले असले तर त्याचाही परिणाम त्यात असतो. दाबलंत की चारही पैजा संपल्या, नंतर तिन्ही लागल्या तरी काही मिळणार नाही. दाबायचं की नाही हे मी सांगणार नाही. एवढंच लक्षात ठेवा की तो आकडा ‘रिटर्न’सारखाच आहे, नफा नव्हे. 36.10 घेतलेत तर 3.90 चा तोटा पक्का.

---

लिंबूटिंबू

शेवटचा प्रश्न. दुसरा सामना साठाव्या मिनिटाला पावसाने कायमचा थांबला, आणि तोवर तीन गोल झाले होते. 2.10 लागला की रद्द?

---

दशांश

यावर सगळ्यांचा एक नियम नाही. बऱ्याच ठिकाणी जी गोष्ट आधीच ठरून गेलीय ती मान्य करतात, तिसरा गोल झाला म्हणजे निवड लागली, आणि त्याच सामन्याच्या निकालावरच्या पैजा रद्द. काही ठिकाणी सामना पूर्ण झाला नाही तर सगळंच रद्द. ठरलेल्या मुदतीत पुन्हा खेळवला तर पैज चालू, ही मुदतही जागेगणिक वेगळी. तुमच्या साइटच्या नियमांत फुटबॉलच्या पानावर ‘अबँडन्ड’ हा शब्द शोधा.

---

कोराकागद

शोधला. माझ्याकडे दोन ठिकाणी आहे. फुटबॉलच्या पानावर ‘आधीच ठरलेले निकाल मान्य’ आणि सर्वसाधारण नियमांत ‘अपूर्ण सामन्यांवरच्या सर्व पैजा रद्द’. यातला कुठला वरचढ धरायचा?

---

चिमटा

खेळाच्या पानावरचा, असं मला वाटतं. पण सर्वसाधारण नियमांत सुरुवातीलाच ‘विसंगती असल्यास’ असं एखादं वाक्य आहे का बघा, आणि ते इथे उतरवा.